पाईप कापताना दोन मिनिटांची घाई अन् मग हंगामभर गळती. कापलेला काठ साफ कसा करायचा, जाणून घ्या सविस्तर

मोटार सुरू केली की पाईपलाईनवरची माती एकाच जागी ओली होते. उकरून पाहिलं तर पाईप फुटलेला नसतो, जॉईंटमधून बारीक धार येत असते. मग वरून सोल्युशन फासलं जातं, त्यावर ट्यूबची पट्टी गुंडाळली जाते, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच धार. दोष मात्र सोल्युशनच्या डब्याला नाहीतर पाईपच्या कंपनीला दिला जातो. अशा बऱ्याच गळत्यांचं मूळ पाईप जोडण्याआधीच पडलेलं असतं. पाईप तिरका कापलेला असतो किंवा कापल्यावर काठावर राहिलेली कुसळं काढलेली नसतात. या कुसळांना प्लंबर 'बर' म्हणतात.

विहिरीवरून रानात नेलेली ६३ मिमीची, म्हणजे दोन इंची पीव्हीसी लाईन जवळपास प्रत्येक गावात आहे. म्हणून तीच डोळ्यापुढे ठेवून पाईप कसा कापायचा, काठ कसा साफ करायचा आणि तसं न केल्यास नेमकं काय बिघडतं ते पाहू. घरातल्या नळाच्या लाईनमधून येणाऱ्या आवाजाचं कारणही यातच सापडतं.

सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे

पीव्हीसीचं सोल्युशन दोन वस्तू वरवर चिकटवत नाही. ते पाईपचा बाहेरचा आणि सॉकेटचा आतला थर मऊ करतं. हे दोन्ही मऊ थर एकमेकांत दाबले गेले की एकजीव होतात आणि वाळल्यावर तिथे एकच प्लास्टिक उरतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पाईप आणि सॉकेट एकमेकांना घट्ट टेकले पाहिजेत, आणि मध्ये सोल्युशनचा थर सगळीकडून सलग राहिला पाहिजे.

सॉकेट आतून सरळ नळीसारखं नसतं. तोंडाशी ते थोडं सैल आणि तळाकडे थोडं अरुंद असतं. सोल्युशन न लावता पाईप घालून पाहिला तर तो अर्ध्याच्या पुढे जाऊन अडकतो, तळापर्यंत जात नाही. यात बिघाड काही नाही, ते तसंच बनवलेलं असतं. सोल्युशनने थर मऊ झाल्यावर पाईप शेवटपर्यंत सरकतो आणि खरी घट्ट पकड आतल्या अरुंद भागात बसते. म्हणजे जॉईंटची ताकद मुख्यतः पाईपच्या टोकाजवळ असते, आणि नेमकं तेच टोक आपण कापलेलं असतं.

काठावरची कुसळं काय करतात?

हॅक्सॉने पाईप कापला की बाहेरच्या काठाला प्लास्टिकचे बारीक, टोकदार तुकडे लोंबत राहतात. असा पाईप सोल्युशन लावलेल्या सॉकेटमध्ये सारला की ती कुसळं खरवडणीचं काम करतात. सॉकेटच्या भिंतीवरचं ओलं सोल्युशन ओरबाडत ती तळाशी ढकलतात. जिथून कुसळ गेलं तिथे तोंडापासून तळापर्यंत एक कोरडी रेघ राहते. ही रेघ केसाएवढी असली तरी दाबाच्या पाण्याला वाट म्हणून पुरते.

तळाशी ढकललेलं सोल्युशनही वाया जातं एवढंच नाही. ते आत गोळा होऊन बराच वेळ ओलं राहतं आणि तिथलं प्लास्टिक मऊ करत बसतं. अशा जागी पाईपची भिंत कमकुवत होते.

याचा पुरावा हवा असेल तर गळणारा जॉईंट कापून बाहेर काढल्यावर फेकू नये. तो हॅक्सॉने उभा चिरून पाहावा. जिथे जोड नीट बसला आहे तिथे पाईप आणि सॉकेट वेगळे होत नाहीत, ओढले तर प्लास्टिक तुटतं. जिथे गळती होती तिथे गुळगुळीत, चकाकणारी रेघ किंवा पट्टा दिसतो. म्हणजे तिथे सोल्युशन लागलंच नाही किंवा लागलेलं पुसलं गेलं. ती रेघ काठावरच्या ओरखड्यापासून निघाली असेल तर दोष काठाचा आहे.

तिरक्या कापाचा हिशोब

नजरेच्या अंदाजाने कापलेला दोन इंची पाईप एका बाजूने ५-६ मिमी लांब राहणं अगदी सहज घडतं. सॉकेटमध्ये घातल्यावर लांब बाजू तळाला टेकते आणि आखूड बाजू तेवढीच मागे राहते. म्हणजे जिथे पकड सर्वात घट्ट हवी, त्याच भागात एका बाजूला पाईपच नसतो. वर आखूड बाजूला तळाशी एक खाच उरते. त्यात माती आणि भुसा अडकतो.

दाब किती असतो तेही पाहू. पाणी १० मीटर उंच चढवायचं म्हणजे पाईपवर साधारण १ किलोचा दाब, हे मोटारवाल्यांना माहीत असतं. समजा मोटारीपासून रान ३० मीटर उंचावर आहे. तर खालच्या जॉईंटवर सुमारे ३ किलोचा दाब येतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ३ किलो. ६३ मिमी पाईपच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटीमीटर भरतं. लाईनच्या शेवटी टोपी बसवली असेल तर पाणी तिला ९३ किलोच्या जोराने, म्हणजे जवळपास एका क्विंटलने, बाहेर ढकलत असतं. मोटार सुरू किंवा बंद होताना बसणारा दणका वेगळाच. हा सगळा जोर सोल्युशनच्या त्या पातळ थराने सोसायचा असतो. एक बाजू अर्धवट बसलेली असेल तर आज ना उद्या तिथूनच सुरुवात होते. बेंड, टी आणि टोपीचे जॉईंट आधी का गळतात, त्याचं एक कारण हे आहे.

सरळ कापायची सोपी पद्धत

एक. कागदाची पट्टी. जुन्या कॅलेंडरचं सरळ कडेचं पान घ्यावं. पाईपला पूर्ण वेढा बसून थोडं वर येईल एवढी लांबी हवी. पान पाईपभोवती ताणून गुंडाळावं आणि वर आलेली कड खालच्या कडेशी तंतोतंत जुळवावी. कडा जुळल्या की काप काटकोनात आहे. त्या कडेने पेनाने चहूबाजूंनी रेघ मारावी. एकाच बाजूला खूण करून कापायला घेतलं की हमखास तिरकं जातं.

दोन. बारीक दाताचं ब्लेड. इंचाला २४ दात असलेलं हॅक्सॉ ब्लेड चांगलं. मोठ्या दाताची लाकडाची करवत कडा फाडते आणि कुसळं जास्त सोडते. ग्राइंडर झटपट कापतो, पण त्याच्या उष्णतेने प्लास्टिक वितळून काठावर गोळे होतात. नायलॉनची दोरी घासून पाईप कापतात, त्याचंही तेच होतं. नाइलाजाने असं कापलंच तर काठ साफ करायला दुप्पट वेळ द्यावा लागतो.

तीन. पाईप फिरवत कापणं. एका बाजूने थेट खालपर्यंत कापत जाऊ नये. रेघेवर थोडं कापावं, पाईप पाव वळसा फिरवावा, पुन्हा थोडं कापावं. सगळीकडून खाच पडली की ब्लेड त्याच वाटेने चालतं. शेवटचा थोडा भाग राहिला की हाताने मोडू नये, तोही कापूनच काढावा. मोडलेल्या जागी ओठासारखा तुकडा उरतो. पाईप लोंबकळत असेल तर तो शेवटी आपल्याच वजनाने फाटतो, म्हणून दोन्ही बाजूंना विटेचा किंवा लाकडाचा टेकू द्यावा.

काठ साफ करायचा तो दोन्हीकडून

बाहेरच्या काठाला सपाट कानस तिरकी धरून फिरवावी. नुसती कुसळं काढून थांबू नये, काठाला २-३ मिमीचा उतार द्यावा. पेन्सिलीला टोक काढताना सुरुवातीला जसा किंचित उतार येतो, तेवढाच. या उतारामुळे पाईप सॉकेटमध्ये जाताना सोल्युशन खरवडत नाही, त्यावरून घसरत जातो. प्लंबर याला 'चाम्फर मारणं' म्हणतात. कंपनीतून आलेल्या पाईपच्या टोकाला हा उतार बहुतेकदा दिलेला असतो. सहा मीटरचा पाईप आपण मधे कापला की तो जातो, म्हणून तो हाताने परत द्यायचा.

आतल्या काठाला अर्धगोल कानस किंवा धारदार चाकू फिरवावा. चाकू काठावर आडवा धरून स्वतःपासून दूर खरवडावा. आत जास्त खोल खरवडायची गरज नाही, वर आलेला ओठ गेला की पुरे. नंतर पॉलिश पेपर एकदा आतबाहेर फिरवावा.

झालं की नाही हे डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. काठावरून बोट सावकाश फिरवावं. कुठेही टोचलं किंवा अडकलं तर काम बाकी आहे. फडकं फिरवलं आणि त्याचा धागा अडकला, तरी तेच समजावं.

यानंतरची पायरी सर्रास विसरली जाते. कापताना आणि कानस मारताना पडलेला भुसा पाईपच्या आतच राहतो. पाईप उभा करून खाली आपटावा आणि कोरड्या फडक्याने आतून पुसावा. हा भुसा पाण्याबरोबर वाहत ठिबकच्या फिल्टरपर्यंत जातो. फिल्टर नसलेल्या लाईनवर तो तुषारच्या नोझलमध्ये किंवा नळाच्या जाळीत अडकतो. नवी लाईन टाकल्यावर पहिल्या दिवशी टोपी काढून पाणी मोकळं सोडायचं, ते यासाठीच.

जोडताना लक्षात ठेवायचं

सॉकेटची खोली मोजून तेवढ्या अंतरावर पाईपवर पेनाने खूण करावी. जोडल्यावर ही खूण सॉकेटच्या तोंडाशी आली तरच पाईप तळाला टेकला. ही खूण सगळीकडून सारखीच आत गेली नाही, तर काप तिरका आहे हे तिथेच कळतं.

दोन्ही भाग कोरडे आणि धूळमुक्त असावेत. सॉकेटच्या आत पातळ हात आणि पाईपवर त्यापेक्षा जाड हात, असं सोल्युशन लावावं. लगेच पाईप आत घालून पाव वळसा देत तळापर्यंत न्यावा आणि साधारण अर्धा मिनिट दाबून धरावा. लगेच सोडला तर सॉकेटच्या उतारामुळे पाईप थोडा मागे सरकतो. बाहेर आलेलं सोल्युशन फडक्याने पुसावं. डब्यावर दिलेला वेळ पाळावा. घाई नसेल तर २४ तास लाईनवर दाब देऊ नये.

उन्हात तापलेल्या पाईपवर सोल्युशन जोडण्याआधीच सुकतं, त्यामुळे हे काम सकाळी किंवा सावलीत केलेलं बरं. सोल्युशनच्या वाफा पेट घेतात. जवळ बिडी, काडी किंवा चूल नको आणि बंद खोलीत काम नको.

काही ठिकाणी कपलर वाचवायला पाईपचं टोक जाळावर मऊ करून त्यात दुसरा पाईप घुसवतात. अशा घरगुती सॉकेटची भिंत ताणून पातळ होते आणि आतला उतार नेमका येत नाही. तिथे काठ कितीही साफ केला तरी पकड कारखान्यातल्या सॉकेटसारखी येत नाही.

घरातली लाईन आवाज का करते?

आता रानातून घरात येऊ. टाकीवरून आलेला नळ उघडला की भिंतीतून 'सूं' असा सलग आवाज येतो, अशी तक्रार अनेक घरांत असते. याची कारणं बरीच आहेत, पण पाईपच्या आत राहिलेला ओठ हे त्यातलं एक नेहमीचं.

पाणी गुळगुळीत पाईपमधून जाताना फारसा आवाज करत नाही. वाटेत ओठ आडवा आला की तिथली वाट अरुंद होते आणि पाण्याचा वेग वाढतो. ओठाच्या लगेच मागे पाणी भोवरे घेऊ लागतं. ओढ्यात दगड आडवा आला की त्याच्या मागे पाणी खळखळतं, तसंच. हे भोवरे पाईपची भिंत हलवतात. पाईप भिंतीला क्लॅम्पने घट्ट धरलेला असेल तर ती थरथर भिंतीत जाते आणि आवाज मोठा होऊन खोलीत ऐकू येतो.

लहान पाईपमध्ये हा परिणाम का जास्त होतो ते आकड्यात पाहू. घरातल्या अर्धा इंची सीपीव्हीसी पाईपचं आतलं तोंड साधारण साडेबारा मिमी असतं. त्यात सगळीकडून १ मिमी ओठ राहिला तर तोंड साडेदहा मिमी उरतं. ऐकायला दोनच मिमी कमी, पण पाण्याची वाट जवळपास ३० टक्क्यांनी घटते आणि तेवढंच पाणी जायचं तर त्या जागी वेग सुमारे १.४ पट होतो. रानातल्या दोन इंची पाईपमध्ये तेवढाच ओठ राहिला तर वाट जेमतेम ६-७ टक्के कमी होते. म्हणून मोठ्या पाईपला आतला ओठ पाण्याच्या धारेसाठी फारसा नडत नाही. तिथे खरा धोका बाहेरच्या कुसळाचा असतो. घरातल्या बारीक पाईपला मात्र दोन्ही नडतात. एका ओठाने नळाची धार लगेच बारीक होत नाही. पण टाकीपासून न्हाणीपर्यंत दहा-बारा जॉईंट असतील आणि प्रत्येकात ओठ असेल, तर वरच्या टाकीच्या कमी दाबात फरक जाणवतो.

आवाज कुठला, ते असं ओळखा

नळ उघडा असेपर्यंत सलग 'सूं' येत असेल आणि नळ जास्त उघडल्यावर वाढत असेल, तर वाट कुठेतरी अरुंद आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाईपला आणि मूठ कानाला लावून एकेक जॉईंट ऐकावा. एकाच जॉईंटशी आवाज मोठा असेल तर संशय त्या कापावर. आवाज नळाच्याच तोंडाशी असेल तर आधी नळाचा वायसर आणि जाळी पाहावी, पाईप तोडू नये.

नळ झटकन बंद करताना 'धाड' असा एकच ठोका बसत असेल, तर तो वाहतं पाणी अचानक थांबल्याचा दणका आहे. त्याचा काठाशी संबंध नाही. गुडगुड आवाज आणि धार तुटक येत असेल, तर लाईनमध्ये हवा आहे.

रबर रिंग आणि लोखंडी पाईप

गावच्या नळजोडणीत बऱ्याच ठिकाणी काळा एचडीपीई पाईप आणि पिळून घट्ट करायचं फिटिंग असतं. तिथे सोल्युशन नसतं, पाणी रबर रिंग अडवते. पाईपचा काठ धारदार असेल तर आत घालताना तो रिंगला चीर पाडतो किंवा तिला जागेवरून ढकलतो. मग नट कितीही आवळला तरी थेंब थांबत नाही, उलट नट तडकतो. इथेही बाहेरच्या काठाला उतार द्यावा आणि घालण्याआधी टोक पाण्याने ओलं करावं.

लोखंडी जीआय पाईप चाकाच्या कटरने कापला तर बाहेरून काप अगदी सुबक दिसतो. पण चाक धातू आत ढकलतं आणि आत जाड ओठ तयार होतो. तो रीमरने किंवा गोल कानशीने काढावा लागतो. न काढल्यास आवाज तर येतोच, शिवाय त्याच्या आडोशाला गाळ आणि गंज साचत जातो.

आधीच गळणाऱ्या जॉईंटचं काय करायचं?

बाहेरून सोल्युशन फासून आतली कोरडी रेघ भरत नाही. समजा दोन इंची लाईनच्या एका जॉईंटखाली एक लिटरची बाटली धरली आणि ती ४० सेकंदांत भरली. तासाला ९० लिटर झाले. पाळीची वीज आठ तास असेल तर ७२० लिटर पाणी त्याच एका जागी मुरतं. तेवढ्या वेळाची वीजही जाते आणि भोवतालची चर ढासळते ती वेगळीच.

अशा वेळी मोटार बंद करून लाईन रिकामी करावी. गळणारा जॉईंट दोन्ही बाजूंनी सरळ कापून पूर्ण काढावा. मधल्या जागेत मापाचा नवा तुकडा आणि दोन कपलर बसवावेत. मापात कपलरच्या आत जाणारी लांबी दोन्हीकडे धरायला विसरू नये. चर पुरेशी लांब उकरावी, म्हणजे पाईप थोडा उचलून कपलरमध्ये घालता येतो. या दुरुस्तीत काठ होतात चार, आणि चारही आतबाहेर साफ करायचे. एकच जुना गळका जॉईंट काढताना घाईत दोन नवे गळके जॉईंट तयार झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

चर लगेच बुजवू नये. दुसऱ्या दिवशी मोटार लावून अर्धा तास दाब द्यावा, प्रत्येक जॉईंटभोवती कोरडा कागद गुंडाळून पाहावा. कागद कोरडा राहिला तरच माती लोटावी.